तिसऱ्याचा पैसा आणि लवादाचा निवाडा

काही वर्षांपूर्वी एका बांधकाम कंत्राटातील वादाच्या तडजोडीसाठी आम्ही समोरासमोर बसलो होतो. लवाद प्रक्रिया चालू होती आणि दोन्ही बाजू दमल्या होत्या. आमच्याकडून मान्य होऊ शकेल असा आकडा टेबलावर आला, तो कंत्राटदाराच्या संचालकांना पटल्याचेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मात्र होकार न देता त्यांनी तीन आठवड्यांची मुदत मागितली. संचालक मंडळाची मंजुरी हवी असेल असे मी समजलो. बैठक संपल्यावर ते सहज बोलून गेले, "मंडळाचा प्रश्न नाही साहेब, ज्यांनी पैसे लावले आहेत त्यांना विचारावे लागेल." दोन वर्षे आम्ही ज्या दाव्याला उत्तर देत होतो, त्याच्या यशापयशावर तिसऱ्याच कोणाची तरी कमाई अवलंबून होती, हे आम्हाला त्या दिवशी कळले. ते तिसरे कोण, हे कळलेच नाही. तडजोडही झाली नाही.

या व्यवहाराला त्रयस्थ वित्तपुरवठा म्हणतात. ज्याचा वादाशी मुळात संबंध नाही अशी संस्था दावेदाराचा वकिलांचा, तज्ज्ञांचा व लवादांच्या मानधनाचा खर्च उचलते. दावा हरला तर तिचे पैसे बुडतात. दावा जिंकला तर वसुलीचा ठरलेला हिस्सा, किंवा गुंतवलेल्या रकमेच्या काही पट रक्कम तिला मिळते. परतफेड यशावर अवलंबून असल्याने हे कर्ज नव्हे. ज्याची थकबाकी अडकून पडली आहे त्या लहान कंत्राटदाराला यामुळे न्याय मागता येतो, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. माझा आक्षेप वित्तपुरवठ्याला नसून त्याच्या अदृश्यतेला आहे. ही अदृश्यता दोन ठिकाणी नडते, खर्चाच्या वसुलीत आणि लवादाच्या निःपक्षपातीपणात.

आधी खर्चाकडे पाहू. आपल्याकडे हा प्रश्न दीडशे वर्षे जुना आहे. दुसऱ्याच्या दाव्यात पैसे घालून फळात वाटा घेणे इंग्लंडच्या जुन्या कायद्यात निषिद्ध होते. रामकुमार कुंडू विरुद्ध चंद्रकांत मुखर्जी या 1876 च्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हा इंग्रजी निषेध हिंदुस्थानात जसाच्या तसा लागू होत नाही असे ठरवले. असा करार अन्याय्य, पिळवणुकीचा किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध असेल तरच तो अमान्य होईल, हे सूत्र तेव्हापासून चालत आले आहे. वकिलाने मात्र आपल्या पक्षकाराच्या वसुलीत वाटा घ्यायचा नाही, हे बंधन कायम आहे. या खटल्याचा दाखला बहुधा एवढ्यापुरताच दिला जातो. मूळ वाद मात्र नेमका खर्चाचा होता. आधीच्या एका दाव्यात जिंकलेल्या प्रतिवादींना हरलेल्या वादींकडून खर्च वसूल करता आला नाही, म्हणून त्यांनी त्या दाव्याला पैसे पुरवणाऱ्यावरच दावा लावला. तो फेटाळला गेला.

आता 2023 मधील दिल्ली उच्च न्यायालयाचा टुमॉरो सेल्स एजन्सी विरुद्ध एसबीएस होल्डिंग्ज हा निर्णय पाहा. सिंगापूर आंतरराष्ट्रीय लवाद केंद्राच्या नियमांखाली चाललेल्या प्रक्रियेत दावेदारांना या एजन्सीने वित्तपुरवठा केला होता. दावे फेटाळले गेले आणि लवाद मंडळाने दावेदारांवर प्रतिपक्षाच्या खर्चाचा बोजा टाकला. दावेदारांकडून तो मिळण्याची चिन्हे नव्हती, म्हणून जिंकलेला पक्ष वित्तदात्याच्या मागे लागला. एकल न्यायमूर्तींनी मार्चमध्ये वित्तदात्याच्या मालमत्तेचा तपशील मागवणारा व तिच्यावर बंधने आणणारा अंतरिम आदेश दिला. 29 मे 2023 रोजी खंडपीठाने तो रद्द केला. जो लवादाच्या कराराचा पक्षकार नाही, ज्याच्याविरुद्ध निवाडा नाही आणि ज्याने प्रतिपक्षाचा खर्च देण्याचे कबूल केलेले नाही, त्याच्यावर तो निवाडा बजावता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. न्याय मागण्याची संधी टिकवण्यासाठी असा वित्तपुरवठा आवश्यक असल्याचे खंडपीठाने म्हटले, पारदर्शकता आणि प्रकटन यांच्या नियमांची गरजही नोंदवली.

या निर्णयावर आमच्या वर्तुळात बरीच टीका झाली. मला तो कायद्याच्या दृष्टीने योग्य वाटतो. लवादाचा अधिकार संमतीतून जन्मतो. ज्याने संमती दिली नाही त्याला निवाड्यानंतर पकडून आणता येत नाही. दिवाणी न्यायालयाची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्रात लागू असलेल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशात मुंबई उच्च न्यायालयाच्या दुरुस्तीने असा नियम आहे की, वादीला वाट्याच्या बदल्यात कोणी पैसे पुरवत असेल, तर न्यायालय त्याला दाव्यात पक्षकार करून त्याच्याकडून खर्चासाठी तारण मागू शकते. लवाद मंडळ त्या संहितेने बांधलेले नाही आणि परक्या व्यक्तीला पक्षकार करण्याचा तसा अधिकारही त्याला नाही. म्हणजे तोच वाद पुण्याच्या दिवाणी न्यायालयात असेल तर वित्तदाता हाताशी लागतो आणि लवादापुढे असेल तर निसटतो.

यावर उपाय एकच उरतो. निवाड्यानंतर वित्तदात्यापर्यंत पोहोचता येत नसेल, तर निवाड्याआधी दावेदाराकडूनच तारण घेणे. मंडळ वित्तदात्याला आज्ञा देऊ शकत नाही. "तुझा पाठीराखा खर्चाची हमी देणार नसेल तर तू तारण ठेव," असे दावेदाराला मात्र सांगू शकते. आपल्या 1996 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये खर्चासाठीच्या तारणाचा स्पष्ट उल्लेख नाही. न्याय्य व सोयीस्कर वाटतील असे इतर अंतरिम उपाय करण्याचा जो शेषाधिकार तिथे आहे, त्याच्या आधारे हा अर्ज करावा लागतो. परंतु वित्तदाता आहे हेच माहीत नसेल, तर अर्ज करणार कोण आणि कशाच्या आधारावर?

तारणाने किंवा हमीने फरक काय पडतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आकड्यांत पाहायला हवे. समजा, एक दावा जिंकल्यास 60 कोटी रुपये हाती येतील. तो लढवायला दावेदाराच्या बाजूने 4 कोटी लागतील, प्रतिपक्षाचा खर्च 3 कोटी होईल. वित्तदात्याला यशानंतर मुद्दलासह 35 टक्के, म्हणजे 21 कोटी मिळणार आहेत. विजेत्याला परत मिळणारा खर्च व व्याज सोपेपणासाठी बाजूला ठेवू. हरल्यास वित्तदात्याचे फक्त 4 कोटी जात असतील, तर यशाची शक्यता सुमारे 19 टक्क्यांहून अधिक असली की त्याचा हिशेब जमतो. हरल्यास प्रतिपक्षाचे 3 कोटीही त्यालाच द्यावे लागणार असतील, तर हाच उंबरठा सुमारे 29 टक्क्यांवर जातो. या दोन आकड्यांच्या मध्ये पडणारे दावे केवळ एका कारणाने उभे राहतात, ते म्हणजे हरण्याची किंमत दुसरा कोणी भरतो. तो दुसरा म्हणजे प्रतिपक्ष, आणि प्रतिपक्ष सरकारी खाते असेल तर करदाता.

प्रामाणिकपणासाठी हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वतःच्या पैशाने लढणाऱ्या सधन दावेदाराला पूर्ण 60 कोटी मिळणार असतात. त्यामुळे दोन्ही खर्चांचा धोका पत्करूनही त्याचा उंबरठा 11 टक्क्यांच्या आसपासच येतो. वाट्यावर काम करणारा वित्तदाता त्याच्यापेक्षा अधिक चोखंदळ असतो. प्रत्यक्षात तर पैसा वर्षानुवर्षे अडकण्याची किंमत धरल्यामुळे तो वरील आकड्यांपेक्षा बऱ्याच वरच्या शक्यतेचे दावे निवडतो. म्हणून "वित्तपुरवठ्यामुळे खोट्या दाव्यांचा पूर येईल" ही आमच्या खात्यांची नेहमीची ओरड मला पटत नाही. सधन दावेदार हरला तर खर्च त्याच्याकडून वसूल होतो, पाठीराख्याच्या जिवावर लढणारा निर्धन दावेदार हरला तर होत नाही, तक्रार एवढीच आहे आणि ती खरी आहे.

खर्चाच्या नाण्याला आणखी एक बाजू आहे, आणि तिने सरकारी अधिकाऱ्यांनी सावध व्हावे. दावेदार जिंकला तर वित्तदात्याचा नफा हरलेल्याकडून वसूल करता येईल का? इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने 2016 मध्ये एसार ऑइलफील्ड्स विरुद्ध नॉर्सकॉट या प्रकरणात, लंडन येथे चाललेल्या लवादातील निवाडा उचलून धरताना, होकारार्थी उत्तर दिले. नॉर्सकॉटने दावा लढवण्यासाठी सुमारे 6,47,000 पौंड घेतले होते. परतफेडीची अट होती गुंतवणुकीच्या 300 टक्के किंवा वसुलीच्या 35 टक्के, यांपैकी जे अधिक ते. परिणामी वित्तदात्याला सुमारे 19 लाख 40 हजार पौंड देणे आले, आणि लवादाने ते एसारकडून वसूल करण्यास मंजुरी दिली. कारण एसारच्या वर्तनानेच नॉर्सकॉटची आर्थिक कोंडी झाली, ती करण्याचा हेतूही होता, आणि बाहेरून पैसे घेण्यावाचून तिला मार्ग उरला नव्हता, असा लवादाचा निष्कर्ष होता. तेथील कायद्यातील "इतर खर्च" या शब्दांत हे बसते, असे न्यायालयाने म्हटले.

आपल्या कायद्याच्या कलम 31अ मधील खर्चाच्या व्याख्येतही प्रक्रियेच्या संबंधात झालेला "इतर कोणताही खर्च" असे शब्द आहेत. इंग्रजी निर्णय आपल्यावर बंधनकारक नाही, पण हा युक्तिवाद आपल्याकडे करण्याची वाट मोकळी आहे. ज्या खात्याने निर्विवाद देयकेही केवळ धारिका फिरत राहिल्यामुळे रोखून धरली, त्याच्याविरुद्ध तो अधिकच जोराने करता येईल. वित्तदात्यांना बाजारपेठ कोणी मिळवून दिली, हा प्रश्न आपण आरशासमोर उभे राहून विचारला पाहिजे. 2019 मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने आपले काही निवाडे व दावे ब्लॅकरॉकच्या नेतृत्वाखालील गुंतवणूकदारांना 1,750 कोटी रुपयांना देण्याचा व्यवहार जाहीर केला होता. निवाडा हाती असूनही पैसे मिळत नाहीत, म्हणूनच निवाडे विक्रीला निघतात.

आता लवादाच्या निःपक्षपातीपणाकडे वळू. कलम 12 नुसार नियुक्तीच्या वेळी लवादाने पक्षकारांशी किंवा वादविषयाशी असलेले आपले प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष संबंध लेखी जाहीर करायचे असतात. शंका कशाने निर्माण होते याची यादी पाचव्या अनुसूचीत आहे. त्यातील एक बाब अशी की, मागील तीन वर्षांत त्याच पक्षकाराने किंवा त्याच्या समूहातील कंपनीने त्या व्यक्तीला दोन किंवा अधिक वेळा लवाद नेमले आहे काय. 2015 मध्ये आलेली ही यादी पक्षकार, वकील आणि लवाद या तिघांभोवती बांधलेली आहे. वित्तदाता त्यात कुठेच नाही.

समजा, एकाच वित्तसंस्थेने तीन वेगळ्या कंत्राटदारांच्या तीन दाव्यांत पैसे घातले. लवाद निवडताना तिचा सल्ला घेतला गेला आणि तिन्ही ठिकाणी एकच निवृत्त न्यायाधीश किंवा अभियंता नेमला गेला. कागदावर तीन पक्षकार वेगळे आहेत, म्हणून अनुसूचीतील बाब लागू होत नाही. प्रत्यक्षात एकच संस्था त्या व्यक्तीला वारंवार काम मिळवून देत आहे. किंवा असे समजा, की लवाद ज्या वकिली संस्थेत भागीदार आहे ती दुसऱ्या एका प्रकरणात याच वित्तदात्याच्या पैशावर लढते आहे. लवाद कितीही सचोटीचा असला तरी जे त्याला माहीतच नाही ते तो जाहीर करू शकत नाही. आणि ते माहीत असून तो गप्प राहिला, तर प्रतिपक्षाला पत्ता लागत नाही. म्हणून वित्तदात्याचे नाव सांगण्याचे कर्तव्य लवादावर नव्हे, पक्षकारावरच हवे.

हे नाव उशिरा बाहेर येण्याची किंमत मोठी असते. आक्षेपाचे कारण कळल्यापासून 15 दिवसांत लवादाला आव्हान द्यायचे असते. सुरुवातीलाच कळले तर दुसरा लवाद नेमून काम पुढे जाते. तीन वर्षांच्या साक्षीपुराव्यानंतर कळले, तर तोच आक्षेप निवाडा रद्द करण्याच्या अर्जात अवतरतो आणि झालेला सर्व खर्च टांगणीला लागतो. यात दावेदाराचेही हित नाही. लपवलेला वित्तदाता हा त्याच्याच निवाड्याखाली ठेवलेला सुरुंग असतो.

जगातील प्रमुख संस्थांनी हे ओळखले आहे. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या 2021 च्या नियमांत, निकालात आर्थिक हितसंबंध असलेल्या त्रयस्थाचे अस्तित्व आणि ओळख तातडीने कळवणे बंधनकारक आहे. गुंतवणूकविषयक वादांसाठीच्या जागतिक बँकेच्या केंद्राने 2022 च्या नियमांत नाव व पत्ता देणे सक्तीचे केले. ज्या सिंगापूर केंद्राच्या जुन्या नियमांखाली दिल्लीचे प्रकरण घडले, त्याने 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या नियमांत सविस्तर तरतूद केली. अस्तित्व व ओळख सुरुवातीलाच सांगायची. मंडळ स्थापन झाल्यावर त्यातील सदस्याशी हितसंघर्ष होईल असा नवा वित्तकरार करायचा नाही. वित्तदात्याने प्रतिपक्षाच्या खर्चाची जबाबदारी घेतली आहे काय, हे मंडळ विचारू शकते. आपल्या कायद्यात मात्र 2015, 2019 आणि 2021 अशा तीन दुरुस्त्या होऊनही या विषयावर शब्द नाही. उलट 2019 मध्ये आलेले गोपनीयतेचे कलम 42अ अक्षरशः वाचले, तर दावेदाराने कामकाजाची माहिती वित्तदात्याला देणे हाच नियमभंग ठरू शकतो. म्हणजे लपवण्याला कायदाच एक निमित्त पुरवतो.

प्रकटन किती असावे, यावर मात्र सरकारी बाजूने संयम ठेवावा. संपूर्ण वित्तकरार मागण्याचा मोह आमच्या वकिलांना होतो. त्या करारात नफ्याचे दर असतात, तडजोडीची किमान रक्कम असते, वकिलांनी वर्तवलेली यशाची शक्यता असते. तो प्रतिपक्षाच्या हाती देणे म्हणजे एकाचे पत्ते उघडे ठेवून डाव खेळणे होय. शिवाय वित्तदाता आहे एवढ्याच कारणाने तारण मागणेही गैर आहे. जागतिक बँकेच्या केंद्राचे नियम स्पष्ट सांगतात की वित्तपुरवठ्याचे अस्तित्व हा पुरावा म्हणून विचारात घेता येईल, पण तेवढ्याने तारणाचे समर्थन होत नाही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. वित्तदात्याचे अस्तित्व, नाव आणि त्यामागील अंतिम मालक कोण, हे न मागता व सुरुवातीलाच सांगणे कायद्याने बंधनकारक करावे. पाचव्या अनुसूचीत वित्तदात्याला पक्षकारासमान मानावे. मंडळाने फक्त दोन प्रश्न विचारावेत. प्रतिपक्षाच्या खर्चाची हमी वित्तदात्याने घेतली आहे काय, आणि तो मध्येच अंग काढून घेऊ शकतो काय? पहिल्याचे उत्तर नकारार्थी, दुसऱ्याचे होकारार्थी आणि दावेदार निर्धन, असे तिन्ही एकत्र आले तर तारणाचा विचार व्हावा. कलम 42अ मध्ये गोपनीयतेचे बंधन स्वीकारणाऱ्या जाहीर वित्तदात्यापुरता अपवाद करावा. आणि खर्चाच्या बाबतीत एक साधी समतोलाची अट असावी. ज्याने हरल्यास प्रतिपक्षाचा खर्च देण्याचे मान्य केले नव्हते, त्याचा नफा जिंकल्यावर प्रतिपक्षाकडून मागता येऊ नये.

दुरुस्तीची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. पक्षकारांत सहमती नसेल तेव्हा कामकाजाची पद्धत ठरवण्याचा अधिकार कलम 19 ने मंडळाला दिलेलाच आहे. पहिल्याच बैठकीत दोन्ही बाजूंना लागू होईल असा प्रकटनाचा आदेश मागणारे अर्ध्या पानाचे पत्र कोणत्याही खात्याला देता येते. नव्या कंत्राटांच्या लवाद कलमात तेच दोन वाक्यांत लिहिता येते. त्या तडजोडीच्या बैठकीपूर्वी असे पत्र आम्ही दिले असते, तर टेबलाच्या पलीकडे नेमके कोण बसले आहे हे आम्हाला कळले असते, आणि तीन आठवड्यांची मुदत देण्याऐवजी खऱ्या निर्णयकर्त्यालाच आम्ही बैठकीला बोलावले असते.

(येथे मांडलेली मते माझी वैयक्तिक आहेत, ती शासनाची भूमिका नव्हे.)